पोरीच्या हातात मावन असा फोन

फोन घ्यायले आलेला माणूस कधीच सरळ बोलत नाई. म्हाताऱ्या मायसाठी पायजे म्हणते अन् पयले कॅमेरा उघडून पाहाते. बायकोसाठी पायजे म्हणते अन् तिथीच उभ्यानं गेम लावते. सावली गावात माहं मोबाइलचं दुकान आहे. नवरा ट्रकवर असतो, म्हणून गल्ल्यावर मीच. आता मले माणसाच्या नजरेवरूनच समजते की नाव कोणाचं अन् फोन कोणाचा. कोणी पैसे मोजून खोटं बोलत असन तं बोलू द्यावं, आपलं काय जाते, असं मी म्हणायची. वारलूभाऊच्या टायमाले तसं म्हणता नाई आलं.

वारलूभाऊ मडावी माह्या माहेरचा, मोहटोल्याचा. डांबरी रस्त्याच्या फाट्यावर उतराचं अन् जंगलातून पायी आत जायाचं, असं आमचं गाव. थोडं धान, उन्हाळ्यात मोहफूल, मंग तेंदूपत्ता, एवढ्यावर त्याचं घर चालते. उंच, काटक माणूस, बोलणं कमी. पण गावात त्याची इज्जत लय, अन् ते वाघामुळं. वनखात्यानं आमच्या भागात गावोगावी बचाव पथक केलं आहे. वाघ दिसला की या लोकायनं रस्ता अडवाचा, गर्दी हटवाची, गुराख्यायले परत आणाचं. हिरवा टी-शर्ट, काठी अन् गळ्यात शिट्टी, बस. एकदा तं यानं लग्नाचं वऱ्हाड अडवून ठेवलं होतं. ट्रॅक्टरात बसलेल्या नवरदेवानंही त्याले शिव्या घातल्या. हा जागचा हलला नाई. वाघीण पिलं घेऊन रस्ता पार करून गेली, तवाच यानं काठी बाजूले केली. नवरदेव मंग उतरून त्याच्या पाया पडला म्हणतात, मी काई पाहायले नव्हती. पण तवापासून वारलूनं अडवलं म्हणजे अडवलं, असं गावात ठरूनच गेलं.

या माणसाच्या मनात एक कमीपणा होता, तो मले माह्या भावानं, सुनिलनं सांगितला. सुनिलही त्याच पथकात आहे. पथकाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. वनरक्षक त्याच्यावर वाघाच्या पंज्याचे फोटो टाकते, आज अमुक रस्त्यानं जाऊ नका म्हणून कळवते. सगळ्यायजवळ मोठे टचवाले फोन. वारलूभाऊजवळ जुना फोर-जीवाला बटनाचा, त्याच्यातही पाचाचा आकडा दाबाले नख लावा लागे. फोटो आला की हा पोट्ट्यायच्या मागं उभा राहून मान लांबवून पाहे. कोणी काई म्हणत नव्हतं. पण ज्याच्या एका शिट्टीनं गाव थांबते, त्याले असं दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहावं लागणं झोंबे. बोलून कधी दाखवलं नाई, तेच तं वाईट झालं.

त्याची पोरगी चंचल. दहा वर्षांची, हडकुळी, बापासारखीच मुकी. गावची शाळा चवथीपर्यंत. यंदा जूनमधी तिले पाचवीले बाहेरच्या मोठ्या गावात टाकलं. जायाले सकाळची एसटी, यायाले संध्याकाळची. सकाळी चार-पाच पोरायचा घोळका असे, कोणी ना कोणी मोठा माणूस फाट्यापर्यंत सोबत जाये. खरी भीती संध्याकाळची. एसटी कधी लवकर येते, कधी येतच नाई, अन् पोरं फाट्यावर उभी. फाट्यावरून गावापर्यंत सारं जंगल. नियम एकच होता, पोरायनं एकटं चालाचं नाई, मोठा माणूस घ्यायले येईपर्यंत फाट्यावरच थांबाचं. पण गाडी आली हे मोठ्या माणसाले समजावं कसं? म्हणून फोन. हे सगळं डोकं सोमारीवहिनीचं, वारलूभाऊच्या बायकोचं. शाळेतल्या बाईले जाऊन तिनंच विचारलं. बाई म्हणाल्या, चालन, सकाळी बंद करून माह्याजवळ द्यायचा, सुटल्यावर घेऊन जायाचा.

तिघं दुकानात आले, तवा वहिनीनं मले जे सांगितलं त्याच्यात एक शब्द फालतू नव्हता. पडला तरी फुटू नये. पोरीच्या हातात मावावा. चार्जिंग दोन दिवस तरी पुरावं, आमच्या इथी लाइनीचा भरोसा नाई. आवाज साफ यावा. अन् किंमत अशी असावी की हरवला तं आपण रडू, पोरीले रडवणार नाई. दुकान टाकल्यापासून इतकं सरळ गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं.

मी काचेवर फोन मांडले. सगळ्यात स्वस्त बटनाचा फोन मीच बाजूले सारला, कारण मोहटोल्यात एकाच कंपनीचा टावर आहे अन् तो फोर-जीचाच. त्या जुन्या टू-जी डब्ब्यात ते सीम टाकून काईच उपयोग नाई, घंटीच वाजणार नाई. लोकं स्वस्त पाहून नेतात अन् दुसऱ्या दिवशी माह्यावर ओरडत येतात. दुसरा बटनाचाच पण फोर-जीवाला. स्क्रीन आगपेटीएवढी, पण आकडे मोठे, उन्हातही दिसतात. एक बटन दाबून धरलं की सरळ बापाले फोन लागते, तसं मी करून देणार होती. बॅटरी तीन दिवस. टॉर्च आहे. ओल्या हातानंही बटन दाबल्या जाते, कारण ते बटन आहे, काच नाई. फोटो-बिटो मात्र त्याच्यात धड दिसत नाई, हेही सांगितलं.

तिसरा स्वस्तातला टच. तो मी चंचलच्या हाती देऊन तिले बाहेर उन्हात पाठवलं. दुकानातल्या ट्यूबलाइटीत सगळेच फोन चकाचक दिसतात, खरी परीक्षा रस्त्यावर. ती हाताचा आडोसा करून पाहू लागली, मंग मान हलवून आत आली. म्हणाली, काईच दिसत नाई, माहंच तोंड दिसते. चवथा मोठा होता. साडेसहा इंचाच्या वर स्क्रीन, उजेड चांगला, रंग साफ, उन्हातही दिसे. चांगला फोन होता, मी माल वाईट ठेवत नाई. पण किंमत बटनवाल्याच्या पाचपट, वजन दगडाचं, अन् सगळी काच.

वारलूभाऊनं तो उचलला अन् मले समजलं. त्या माणसाची नजर मी कधी तशी पाहिली नव्हती. त्यानं पंज्याचा फोटो मोठा करून पाहावा तसं दोन बोटायनं त्या स्क्रीनवरचं नमुन्याचं चित्र मोठं केलं, लहान केलं, परत मोठं केलं.

मंग सुरू झालं. मोठी स्क्रीन म्हणजे पोरीच्या डोळ्याले तरास नाई. अभ्यासाचे व्हिडिओ पाहीन. आता पाचवीले आहे, उद्या दहावीले जाईन, चारदा काऊन घ्याचा, एकदाच चांगला घ्यावा. इतकं तं हा माणूस वर्षात बोलला नसन. वहिनीनं तो फोन चंचलच्या हाती दिला. पोरीचा आंगठा अर्ध्या काचेवरच पोहचला. शाळेच्या फ्राकाच्या खिशात घातला तं अर्धा बाहेर लोंबकळला. वहिनी म्हणाली, हा हिच्या हातात मावत नाई. वारलूभाऊ म्हणाला, हात वाढते.

चंचलनं तवा काय केलं ते मले अजून दिसते. तिनं हळूच तो बटनाचा छोटा फोन उचलला, मूठ बंद केली, उघडली, परत बंद केली. मूठ बरोबर मिटत होती. पोरगी जराशी हसली. मंग बाप आपल्याकडं पाहून राह्यला हे दिसल्याबरोबर तिनं तो काचेवर ठेवला, अन् वरून सरळही करून ठेवला.

मी बोलली. म्हटलं भाऊ, तुमचा जुना फोन भंगार झाला, तुमच्यासाठी मोठा घ्याचा असन तं तुमच्यासाठी म्हणून घ्या, अन् पोरीले हा छोटा घ्या, नाईतं छोटा आज अन् मोठा पुढच्या हंगामात. त्याच्या तोंडावरचा रंगच उतरला. वाघापुढं उभा राहणारा माणूस, पण 'मले पायजे' हे दोन शब्द बायकोपुढं अन् दुकानात उभ्या परक्या गिऱ्हाइकायपुढं त्याच्या तोंडातून निघत नव्हते. म्हणाला, "माह्यासाठी कायले, बाई? मले काय करा लागते? हा पोरीसाठीच आहे."

झालं. वहिनीनं पदर सावरला अन् बाहेर जाऊन उभी राह्यली. मी त्या मोठ्या फोनाले काचेचा गार्ड लावला, कोपऱ्यायले जाड असलेलं कव्हर चढवलं. कव्हरानं तो अजून जाडा झाला, पोरीच्या हाताले अजून परका. पाण्याचं विचारलं तवा मी सांगितलं की शिंतोडे चालन, बुडवू मात्र नका.

मोहटोल्यात मडावीच्या घरी नवीन काई आलं की पयले पेनापुढं ठेवतात, म्हणजे त्यायच्या घरच्या देवापुढं. नवीन धान असो, नवीन नांगराचा फाळ असो, आधी देवाचं, मंग माणसाचं. तिथी ठेवलेल्या वस्तूले कोणी ओलांडत नाई, उष्टा हात लावत नाई. वारलूभाऊनं त्या फोनालेही पेनापुढं ठेवलं. हळद लावली, मोहाचं वाळलेलं फूल ठेवलं, चंचलले त्याच्या पाया पडाले लावलं. नांगराचं ठीक आहे, दुसऱ्या दिवशी तो चिखलातच जाते, कोणी त्याले जपत बसत नाई. पण फोन? तो तं पोरीच्या मनात देवाजवळचाच होऊन बसला. बापाचं काई चुकलं असं मी म्हणत नाई, त्याच्या घरची रीत आहे. पण दहा वर्षांच्या लेकराले काय समजते, कोणती वस्तू पाया पडून वापराची अन् कोणती पाया पडून ठेवून द्यायाची?

शाळेतून आली की फोन बापाच्या हाती. अंगणात बसून तो ग्रुपवरचे फोटो पाहे, आता मान लांबवा लागत नव्हती. सुनिल म्हणे, वारलूभाऊ हल्ली हसते. एक दिवस चंचलनं फोन धानाच्या ढोलीवर ठेवला अन् तो घसरून पडला. फुटला नाई, वरच्या गार्डालेच चीर गेली. ते बदलून भेटते, किरकोळ गोष्ट आहे. पण बाप त्या दिवशी पोरीशी बोललाच नाई. जेवताना एवढंच म्हणाला की हा फुटला तं दुसरा भेटणार नाई, अन् पाण्याचा थेंब नाई लागला पायजे. मारलं नाई, रागावलाही नाई. वहिनी मले नंतर म्हणाली की रागावला असता तं बरं झालं असतं, पोरगी रडून मोकळी झाली असती.

त्या दिवसापासून चंचल फोन प्लास्टिकच्या पन्नीत घाले, मंग पूजेच्या पिवळ्या फडक्यात बांधे, गाठ मारे, अन् दप्तरात पार खाली, पुस्तकायच्या खाली ठेवे. शाळेतल्या बाईजवळ तसंच गाठोडं देई, तसंच परत घेई. सुटल्यावर चालूही करत नसे; पोरायच्या घोळक्याले घ्यायले कोणी ना कोणी अंदाजानं फाट्यावर येई, म्हणून निभून जाये. घरी आल्यावर बापच गाठ सोडे. वारलूभाऊले ते दिसत होतं. पोरगी किती जपते म्हणून त्यानं सुनिलपाशी कौतुकही केलं होतं.

रोवणीच्या दिवसायची गोष्ट. धान लावाले सगळं गाव बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, म्हणून बाकीची पोरंही घरीच ठेवलेली. चंचल एकटीच शाळेत गेली. इकडं दुपारी वनरक्षकानं निरोप दिला की फाट्याच्या रस्त्यावर ताजे पंजे दिसले, रस्ता बंद करा. वारलूभाऊ, सुनिल अन् अजून दोघं गावाच्या टोकावर काठ्या घेऊन उभे राह्यले. पाऊस धो धो. अंजनाबाई नावाची म्हातारी रोवणीचा डबा घेऊन तिकडून जायाले निघाली, तं वारलूभाऊनं तिलेही परत फिरवलं. म्हणाला, बाई, जीव प्यारा नाई काय? पोरीची काळजी त्याच्या मनात होती, नाई असं नाई. त्यानं आपल्या जुन्या फोनावरून तिले फोन लावून पाहिला, बंद लागला. शाळेत बंदच असते, संध्याकाळची गाडी यायाले अजून वेळ आहे, तवा आपण चौघं मिळून फाट्यावर जाऊ, असा त्यानं हिशेब केला.

पण नाल्याले पाणी चढून राह्यलं म्हणून शाळा लवकर सुटली होती. मास्तरायनं पोरायले मिळाली त्या गाडीत बसवून दिलं. चंचल फाट्यावर उतरली. थांब्याचे टीन वादळात उडून गेलेले, आडोसा नाई, माणूस नाई. दप्तरात फोन होता. टावर मिळते तिथी, बोलणं होते, मी स्वतः केलं आहे. गाठ सोडाची, फोन चालू कराचा, बापाले सांगाचं, एवढंच काम. त्याच्यासाठीच तं तो घेतला होता.

इकडं टोकावर उभ्या असलेल्या लोकायले बंद केलेल्या रस्त्यावरून कोणीतरी येताना दिसलं. पयले वाटलं, पाठ मोडलेलं म्हातारं माणूस आहे. इतकं वाकून चालत होतं. वारलूभाऊनं शिट्टी वाजवली, काठी उचलली. मंग त्याले फ्राकाचा रंग ओळखू आला. सुनिल म्हणते, त्याच्या हातून काठी सुटली, अन् तो धावायच्या ऐवजी खालीच बसला. पोरगी आपली आपण चालत आली. दप्तर तिनं पाठीवर नाई, पोटाशी धरलं होतं, फ्राकाच्या आत घालून, अन् त्याच्यावर वाकली होती, पाऊस पाठीवर घेत.

बापानं तिले दोन्ही दंडायले धरलं. म्हणाला, "फोन काऊन नाई लावला?"

"पाणी येऊन राह्यलं होतं ना बाबा," चंचल म्हणाली. "काढला असता तं ओला झाला असता. तूच तं म्हटलं होतं."

तोवर तिथी वनरक्षक आला होता, सुनिल होता, परत फिरवलेली अंजनाबाई होती, बांधीतून काही बायाही आल्या होत्या. सगळ्यायनं ऐकलं. मंग त्या लेकरानं दप्तरातून गाठोडं काढून बापाच्या हाती दिलं अन् म्हणाली, पाहा, कोरडा आहे. दात वाजत होते तिचे, ओठ निळे, केसातून पाणी गळत होतं, अन् शाबासकी मिळन म्हणून वर पाहत होती. वनरक्षकानं तोंड फिरवलं. अंजनाबाईनं आपलं लुगड्याचं टोक पिळून पोरीचं डोकं पुसलं. वारलूभाऊच्या हातात ते कोरडं फडकं, अन् त्याले ते ना ठेवता येई ना फेकता. दुसऱ्याच्या म्हाताऱ्या मायले त्यानं अडवलं होतं, अन् आपली लेक त्याच रस्त्यानं एकटी चालत आली, अन् ते त्याच्याच शब्दापायी.

सुनिलनं हे सांगितलं तवा मलेच लाज वाटली, वारलूभाऊले काय झालं असन. त्याच्यानंतर वारलूभाऊ घराबाहेर पडेना. हिरवा टी-शर्ट धुवून, घडी करून त्यानं सुनिलजवळ पाठवला. निरोप काय, तं मी आता कोण्या तोंडानं लोकायले अडवू? सुनिल परत द्यायले गेला तं हा मागच्या दारानं निघून गेला. वहिनीनं त्याले एक शब्द बोलला नाई, अन् बोलला नाई म्हणून तो शरमेनं अजून मेला. फोन पेनापुढंच पडून होता. त्याले कोणी हात लावत नव्हतं.

अन् एका सकाळी तिघं परत माह्या दुकानात. गिऱ्हाइकं होती. ब्रह्मपुरीच्या कॉलेजातले दोन पोट्टे होते, बाजूच्या कापड दुकानाची कमलाबाई रिचार्ज माराले आली होती. मी म्हटलं, थांबा, लोकं जाऊ द्या. वारलूभाऊ म्हणाला, नाई, लोकायपुढंच बोलतो. त्यानं ते पिवळं गाठोडं काचेवर ठेवलं. मंग त्याची गाठ सोडली.

"हा फोन मी माह्यासाठी घेतला होता, बाई," तो म्हणाला. "नाव पोरीचं घेतलं."

पोट्टे मोबाइलात डोकं घालून उभे होते, त्यायनंही मान वर केली. कमलाबाईले काई माहीत नव्हतं, ती हसायले गेली अन् त्याचं तोंड पाहून थांबली. माह्या दुकानात आजपर्यंत कोणी हे म्हटलं नव्हतं, अन् ज्यायनं म्हणावं असे शंभर होऊन गेले. मोठा फोन परत घ्या म्हणाला. वहिनीनं आडवं लावलं. ती म्हणाली, राहू द्या त्यायच्याजवळ, पथकाच्या कामाले लागते, फक्त यापुढं तो त्यायच्या नावाचा. रागात नव्हती बोलत. थकलेली होती. वारलूभाऊनं फोन खिशात घातला, अन् मी सांगते, चोरीचा माल घालावा तसा घातला.

मंग मी तो बटनाचा छोटा काढला. त्यायच्या देखतच सीम टाकलं, एक बटन दाबलं की बापाले, दुसरं दाबलं की सुनिलले, असं लावून दिलं. गळ्यात अडकवाले दोरी बांधली. चंचलनं तो घेतला नाई. तिनं हात मागं बांधून ठेवले. बापानं म्हटलं घे, तं तिनं विचारलं, याच्या पाया पडा लागते काय? वारलूभाऊनं मान हलवली. नाई, याच्या नाई पडा लागत. पोरगी तरी घेईना. विचारे, अन् पाणी लागलं तं? लागू दे. अन् पडला तं? पडू दे. तिचा काई भरोसा बसेना. अन् काऊन बसावा? याच तोंडानं त्यानं दुसरं सांगितलं होतं.

तवा त्यानं तो फोन माह्या हातातून घेतला, हात डोक्याएवढा वर नेला अन् सोडून दिला. फरशीवर आपटला तं मागचं झाकण इकडं गेलं, बॅटरी तिकडं गेली. पोट्ट्यायनं गोळा करून दिली. मी बॅटरी बसवली, झाकण दाबलं, बटन धरलं, अन् स्क्रीन लागली. कोपऱ्याले एक टवका उडाला होता, बाकी जसाच्या तसा. मी फोन चालू आहे हे दाखवाले चंचलकडं वळली. पण ती फोनाकडं पाहतच नव्हती. आपटल्यापासून ती एकटक बापाच्या तोंडाकडं पाहत होती, आता राग येते काय म्हणून. वारलूभाऊलेही ते दिसलं. त्यानं आमच्या सगळ्यायपुढं गुडघे टेकले, पोरीएवढा झाला, अन् फोन तिच्या हाती दिला.

"तूही पाड," तो म्हणाला. "पाड ना माय. फुटला तं फुटला."

चंचलनं एकदा मायकडं पाहिलं, एकदा माह्याकडं. फोन मुठीत धरला. मंग ती खाली बसली, अगदी उकिडवी, फोन फरशीले टेकवला, अन् टेकल्यावर हळूच हात सोडला.